अनियमित उत्पन्नातून निवृत्तीची तजवीज: सुरुवात कुठून करावी

निवृत्तीसाठी बचत कुठून सुरू करावी, असे आपण विचारले आहे. आपण दादरला राहून लग्नसमारंभांचे छायाचित्रण करता, म्हणजे हंगामात पैसा एकदम येतो आणि पावसाळ्यात जवळजवळ थांबतो. म्हणून निवृत्तीसाठी योजना निवडण्याआधी स्वतःला पगार द्यायला शिका.

दोन बचत खाती ठेवा. ग्राहकांचे सर्व पैसे पहिल्या खात्यात येतील आणि दर महिन्याच्या १ तारखेला तेथून ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात जाईल. समजा, धंद्याचा खर्च व कर वजा जाता वर्षाला ९,००,००० रुपये उरतात. तेव्हा पगार ७५,००० नव्हे, ५०,००० ठेवा. उरलेल्या ३,००,००० मधून दरमहा २,००० पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात भरा आणि बाकीचे पहिल्या खात्यात साठू द्या. सहा पगारांइतके, म्हणजे ३,००,००० रुपये शिल्लक साचायला वर्षाहून थोडा अधिक काळ लागेल. त्यानंतरची वाढीव रक्कम दर मार्चमध्ये निवृत्तीकडे वळवा. पीपीएफची वार्षिक मर्यादा १,५०,००० आहे, त्यावरचे एनपीएस या राष्ट्रीय पेन्शन योजनेत जाऊ शकते. एनपीएसमधले पैसे कोणत्या प्रकारच्या गुंतवणुकीत किती वाटायचे, हा विचार आत्ता नको.

नवखे लोक मुख्यतः तीन ठिकाणी चुकतात:

- बिल पाठवले की पैसे आले असे धरतात, जरी ते हाती यायला कित्येकदा दोन-तीन महिने लागतात.
- डिसेंबर चांगला गेला की लगेच पगार वाढवतात.
- भरभराटीत म्युच्युअल फंडात मोठी एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरावीक हप्ता, लावतात आणि जुलैत हप्ता परत जाऊन बँकेचा दंड बसतो.

शिल्लक दोन पगारांच्या खाली आली, तर पगार ४०,००० करा. पीपीएफ मोडण्याचा विचार करू नका.