माळकरी आईच्या हाडांसाठी दही पुरेल का?

प्रश्न: आई ७२ वर्षांची, माळकरी. डॉक्टर अंडी, मासे घ्या म्हणतात. दह्यावर भागेल का?

उत्तर: एकट्या दह्यावर नाही; हाडांना कॅल्शियमसोबत प्रथिनंही लागतात. माझ्याकडे येणाऱ्या अशाच एका आजींना विचारलं, "दिवसभरात काय खाता?"

"सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भाकरी नि वाटीभर दही, रात्री पेज."

वजन ५० किलो, म्हणजे रोज निदान ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर दह्यातून मिळतात जेमतेम ५.

"मग अंडं खाऊ, डॉक्टर?"

"मनाला पटत नसेल तर नको, आजी. अंड्यात प्रथिनं ६ ग्रॅम, पण कॅल्शियम दह्यातच जास्त."

न्याहारीला मुगाचं धिरडं, दोन्ही जेवणांत घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी दूध-फुटाणे असं ठरलं. ड जीवनसत्त्व दह्यातून मिळत नाही; ते आणि बी-१२ रक्तात तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं विचारूनच वाढवा.