पैसे आले, पण खातं बंद झालं का?

*नोकरी सोडल्यावर जुनं पगाराचं खातं पडून होतं. मार्चमध्ये शाखेत अर्ज दिला, ‘खातं बंद करून ₹18,640 माझ्या दुसऱ्या खात्यात पाठवा.’ पैसे आले. आता मेसेज येतो, शिल्लक उणे ₹258, किमान शिल्लक नसल्याचा आकार. अर्जाची प्रत माझ्याकडे नाही. काय करू?*

ताई, घोळ तुमच्या अर्जातल्या आकड्यात झालेला दिसतो. बचत खात्यावर व्याज रोज मोजलं जातं, पण जमा होतं तिमाहीला. त्या दिवशी पासबुकात 18,640 दिसत होते, व्याज मागाहून पडलं असणार. शाखेने तेवढेच पाठवले, खातं जिवंत राहिलं. पगार बंद झाल्यावर ते साधं बचत खातं झालं आणि किमान शिल्लकेची अट लागली. म्हणून बंद करण्याच्या अर्जात रक्कम कधी लिहू नये.

नवं पत्र शाखाधिकाऱ्यांच्या नावे असं लिहा:

“माझे बचत खाते क्र. … बंद करावे. याबाबत मी मार्चमध्ये अर्ज दिला होता व त्यानुसार दि. … रोजी आपण ₹18,640 वर्ग केले. त्यानंतर लावलेला आकार परत जमा करून, बंद करण्याच्या दिवसापर्यंतच्या व्याजासह येणारी संपूर्ण शिल्लक खाते क्र. …, आयएफएससी … येथे वर्ग करावी. खाते बंद झाल्याची तारीख आणि शिल्लक शून्य असल्याचे लेखी पत्र द्यावे. न वापरलेले धनादेश व डेबिट कार्ड रद्द करून सोबत जोडले आहे.”

सही बँकेत नोंदवलेलीच करा. खात्याचा उतारा जोडा. शाखेने स्वतः पैसे वर्ग केल्याची त्यातली नोंद हाच हरवलेल्या प्रतीला तुमचा पुरावा. आकाराबद्दल भिऊ नका. किमान शिल्लक नाही एवढ्याच कारणाने बचत खातं उणे जाऊ देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचं 2014 चं परिपत्रक सांगतं, ते 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे.

पत्र देण्याआधी एक पाहा. या खात्यावरचा कुणाला दिलेला पुढच्या तारखेचा चेक अजून बाहेर आहे का? असेल तर आधी तो परत घ्या. ‘खाते बंद’ शेऱ्याने चेक परत आला तरी चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम 138 लागू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच ठरवलंय. विम्याचा किंवा एसआयपीचा हप्ता इथून जात असेल तर तोही आधी हलवा.

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. काउंटरवर “राहू दे हो, होईल” म्हणाले तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. बँकेच्या तक्रार विभागालाही लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही.