पाच आकडे दिले, तीन गायब: इन्सर्शन सॉर्टमधली key

प्रश्न: नागपूरला बीसीए करतो आहे. सीमध्ये इन्सर्शन सॉर्ट लिहिला. 23, 17, 42, 8, 35 दिले तर 23 23 42 42 42 येऊन राहिलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. माझे 17, 8 आणि 35 गेले कुठे?

```c
for (i = 1; i < 5; i++) {
    j = i - 1;
    while (j >= 0 && a[j] > a[i]) {
        a[j+1] = a[j];
        j--;
    }
    a[j+1] = a[i];
}
```

उत्तर:

तुमचा १७ पहिल्याच फेरीत पुसला गेला. i = 1 असताना j = 0 असतो. २३ हा १७ पेक्षा मोठा, म्हणून `a[j+1] = a[j]` ही ओळ चालते, म्हणजे `a[1] = a[0]`. पण १७ राहत होता तो `a[1]` मध्येच, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या जागी २३ लिहिला गेला की १७ संपला. नंतर j होतो -1, लूप थांबते आणि शेवटची ओळ `a[0] = a[1]` करते. तुम्हाला वाटतं आपण १७ पुढे आणून ठेवतो आहोत, पण प्रत्यक्षात २३ वरच २३ लिहिला जातो.

मी नागपुरातच डिप्लोमाच्या मुलांची सीची प्रॅक्टिकल्स घेतो, आणि ही चूक दरवर्षी समोर येते. मुलं लॉजिक समजूनच लिहितात, तरी फसतात, कारण डोळ्यांसमोर खऱ्या वस्तू असतात. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या ओळीने मांडल्या आहेत असं समजा. मधली एक पेटी उचलली की तिथे रिकामी जागा होते, शेजारची पेटी तिथे सरकते आणि उचललेली पेटी तोवर हमालाच्या खांद्यावर सुरक्षित असते. अ‍ॅरेमध्ये यातलं काहीच होत नाही. `a[1] = a[0]` मध्ये काही सरकत नाही, फक्त एक प्रत उतरते. `a[0]` जसा होता तसाच राहतो आणि `a[1]` मधला जुना आकडा पुसला जातो. तो खांदा तुम्हाला वेगळ्या व्हेरिएबलने द्यावा लागतो. पुस्तकांत त्यालाच बहुतेक `key` म्हणतात.

आता तुमचाच कोड पुढे चालवून बघू. प्रत्येक फेरीनंतर अ‍ॅरे असा दिसतो:

```
i=1:  23 23 42  8 35
i=2:  23 23 42  8 35
i=3:  23 23 42 42 35
i=4:  23 23 42 42 42
```

तिसरी फेरी नीट बघा. ८ ला तर अगदी पहिल्या जागेपर्यंत जायचं होतं. पण ४२ सरकताच `a[3]` मध्ये ४२ आला, आणि लूपची अट मात्र अजूनही `a[i]` म्हणजे तोच `a[3]` वाचते. त्यामुळे पुढची तुलना "२३ > ८" अशी न होता "२३ > ४२" अशी होते. उत्तर "नाही" असं येतं, म्हणून लूप बंद. म्हणजे दोन बिघाड एकाच वेळी झाले. आकडा हरवला, आणि ज्याच्याशी तुलना करायची तो मापदंडही बदलला. म्हणूनच या कोडमध्ये आतली लूप कुठल्याही फेरीत एकापेक्षा जास्त वेळा फिरत नाही.

तुमच्या आउटपुटमध्ये एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात धोक्याची वाटते. `23 23 42 42 42` हे चढत्या क्रमातच आहे! हा योगायोग नाही. हा कोड प्रत्येक जागी तिथपर्यंत आलेला सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवतो, आणि अशी यादी उतरती कधीच होणार नाही. त्यामुळे "प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा लहान नाही ना" एवढीच तपासणी लिहिलीत तर हा कोड दरवेळी पास होईल. हजार आकड्यांची यादी असेल तर डोळ्यांनाही कळणार नाही. सॉर्टच्या आधी आणि नंतर बेरीज करून बघा. तुमच्या यादीची बेरीज १२५ आहे आणि आउटपुटची १७२. या चुकीत हरवलेल्या आकड्याच्या जागी नेहमी मोठाच आकडा येतो, म्हणून एक जरी गेला तरी बेरीज वाढतेच. आणि चाचणीला आधीच चढत्या क्रमात असलेली यादी घेऊ नका, तिथे काही सरकतच नाही, त्यामुळे चूक झाकलेली राहते.

दुरुस्ती अशी, `i` आणि `j` सोबत `int key;` ही वर जाहीर करा:

```c
for (i = 1; i < 5; i++) {
    key = a[i];
    j = i - 1;
    while (j >= 0 && a[j] > key) {
        a[j+1] = a[j];
        j--;
    }
    a[j+1] = key;
}
```

`key = a[i]` ही ओळ `for` च्या आत पण `while` च्या आधीच हवी. या कोडने पहिल्या फेरीनंतर 17 23 42 8 35 होतं. दुसऱ्या फेरीत ४२ आपल्या जागीच राहतो. तिसऱ्या फेरीत key = 8, आणि आतली लूप एकेक पाऊल अशी जाते:

```
17 23 42 42 35    key = 8
17 23 23 42 35    key = 8
17 17 23 42 35    key = 8
 8 17 23 42 35
```

इथे बरीच मुलं घाबरतात, कारण पहिल्या तीन ओळींत एक आकडा दोनदा दिसतो आणि ८ अ‍ॅरेत कुठेच नाही. बरोबर कोडमध्येही हे असंच दिसतं. त्या क्षणी ८ फक्त `key` मध्ये असतो. म्हणून लूपच्या आत `printf` टाकून बघणार असाल तर अ‍ॅरेसोबत `key` सुद्धा छापा, नाहीतर बरोबर कोडमध्येच चूक शोधत बसाल. चौथ्या फेरीत ३५ साठी फक्त ४२ सरकतो आणि 8 17 23 35 42 तयार होतं.

आणखी एक जागा सांभाळा. घाईत दुरुस्ती करताना `key` घेतली जाते, शेवटची ओळही बदलली जाते, पण `while` मध्ये `a[i]` तसाच राहून जातो. मग तुमच्याच यादीचं उत्तर `17 23 8 35 42` येतं. पाचही आकडे हजर, बेरीज १२५, आणि तरी ८ मधेच अडकलेला, कारण प्रत्येक आकडा फार तर एकच जागा मागे जाऊ शकतो. इथे बेरजेची तपासणी पास होते आणि क्रमाची नापास, तुमच्या मूळ चुकीच्या नेमकं उलट. म्हणून दोन्ही तपासण्या ठेवा, आणि यादीत एखादा आकडा असा घ्या ज्याला दोन-तीन जागा मागे जावं लागेल. तुमच्या यादीत तो ८ आहे, म्हणून हीच यादी वापरत राहा.