फोटोतल्या मायचं हसू

प्रश्न: वडील जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्यांचा १९८६ चा लग्नातला फोटो ॲपवर हलता-बोलता करून वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर आईला सरप्राइज द्यायचं मनात आहे. भाऊ म्हणतो, करू नको. कोणी असं केलंय का? काय करावं?

मी केलंय, स्वतःच्या घरी. म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग काय घडलं ते. हलता करायला हरकत नाही, पण आईला आधी विचारा, आणि ती हो म्हणाली तर तिला एकटीलाच दाखवा. बोलता मात्र करू नका. सरप्राइजचा विचार सोडून द्या.

अमळनेरला माझं फोटोचं दुकान आहे. फाटलेले, बुरशी लागलेले जुने फोटो नीट करून देणं हे माझं रोजचं काम. माझ्या आजीला घरात सगळेच माय म्हणायचे. तिचा एकच फोटो आहे, सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात लागलेल्या तंबूतल्या स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, आजोबा उभे, माय खुर्चीवर, डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत तिचा चेहरा जेमतेम दीड सेंटिमीटरचा. तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी फुई, म्हणजे आत्या, माहेरी येणार होती. पितरांची घागर भरल्यावर तिला मायचा हलता फोटो दाखवायचा, असं मी ठरवलं. तुमच्यासारखंच, सरप्राइज म्हणून.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला. दीड सेंटिमीटरच्या चेहऱ्याचे त्यात सुमारे साडेतीनशे पिक्सेल येतात. तेवढ्यावर चेहरा हलवता येतो, पण पुसट दिसतो. म्हणून बहुतेक जण करतात तेच मीही केलं आणि आधी चेहरा स्वच्छ करणाऱ्या प्रोग्राममधून तो काढून घेतला. पापण्या दिसायला लागल्या, डोळ्यांत चमक आली. मी खूश झालो.

हे प्रोग्राम काय करतात ते नीट समजून घ्या. फोटोत जे नाही ते ते शोधून काढू शकत नाहीत, कारण ते तिथे नसतंच. त्यांना हजारो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं. जीएफपीगॅन नावाचा बराच वापरला जाणारा प्रोग्राम इंटरनेटवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकलाय. पुसट जागा दिसली की अशा ठिकाणी साधारण काय असतं, ते तो भरतो. मायच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. स्कॅनमध्ये एकेक ठिपका दहा-बारा पिक्सेलचा, जुन्या फोटोवरच्या डागासारखाच दिसणारा. प्रोग्रामने डाग समजून तिन्ही पुसून टाकले. रोज असे फोटो हाताळणाऱ्या माझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण माझी नजर डोळ्यांच्या चमकीवर होती. देवीचे वण, मस, कपाळावरची जुनी खोक, सगळं असंच जातं. आपल्याकडे सत्तरीपुढच्या किती चेहऱ्यांवर देवीचे वण आहेत! ते गेले की चेहरा देखणा होतो, पण तो माणूस राहत नाही.

मग हलवण्याचा भाग. २०२१ च्या फेब्रुवारीत 'डीप नॉस्टॅल्जिया' आलं आणि आपल्याकडेही घरोघरी लोकांनी आजोबा-पणजोबांचे फोटो हलवून पाहिले. त्यात आधीच चित्रित केलेले काही व्हिडिओ असायचे. कुणीतरी जिवंत माणूस कॅमेऱ्यासमोर मान वळवतो, डोळे मिटतो, हसतो. त्याची हालचाल मोजून ती तुमच्या फोटोतल्या चेहऱ्यावर बसवली जायची. म्हणजे चेहरा आपल्या माणसाचा आणि मान वळवायची ढब कुणा अनोळखी माणसाची. आताची नवी ॲप्स वेगळ्या रीतीने चालतात. 'हलकेच हसतात' असं लिहून दिलं की ती एकेक फ्रेम नव्याने बनवतात. पाच सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे साधारण सव्वाशे फ्रेम. त्यातली एक यात्रेतल्या फोटोग्राफरने काढलेली, बाकीच्या सगळ्या अंदाजाने बनलेल्या.

मी 'हलकेच हसते' असंच लिहिलं होतं. फोटोत ओठ मिटलेले होते, तरी व्हिडिओत ते उघडले आणि आत एका ओळीतले पांढरेशुभ्र दात दिसले. मायचा पुढचा दात विहिरीवर पडून तुटलेला होता, आणि उरलेले मशेरीने काळपट झालेले. हे मला माहीत होतं. पण स्क्रीनवर ती हसली तेव्हा माझे डोळे भरून आले आणि दात आठवलेच नाहीत.

आखाजीला दुपारी घागर भरून झाली, आमरस-पुरणपोळीची पंगत उठली आणि मी टीव्हीवर व्हिडिओ लावला. ओसरीत दहा-बारा माणसं होती. पोरं ओरडली, माझे वडील उठून अंगणात गेले. फुई अगदी जवळ जाऊन बसली. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा तीच मान वळायची, डोळे त्याच जागी मिटायचे. चौथ्या-पाचव्या वेळी तिने बोट टीव्हीच्या काचेवर, मायच्या हनुवटीवर ठेवलं आणि विचारलं, गोंदण कुठं गेलं? मग हळूच म्हणाली, "हाई मन्ही माय नही." आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

मी मागोमाग गेलो. ती रडत होती, पण माझ्यावर चिडलेली नव्हती. म्हणाली, माय कधी तोंड उघडून हसलीच नाही. दात तुटल्यापासून पदराचं टोक तोंडाला लावायची आणि खांदे हलायचे, तेवढंच तिचं हसू. फुईने स्वतःच्या साडीचा पदर तोंडाला लावून ते करून दाखवलं. दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलीने ते मोबाईलवर घेतलं. अकरा सेकंदांचा तो व्हिडिओ आमच्याकडे आहे, आणि मायची खरी हालचाल म्हणायची तर तेवढीच आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढे. माझ्या मुलीने मायला पाहिलेलंच नाही. काही महिन्यांनी ती मैत्रिणीला सांगत होती, "माझी पणजी खूप गोड हसायची." ते हसू मी बनवलेलं होतं. आणि मलाही अजून माय आठवली की आधी तो व्हिडिओच डोळ्यांपुढे येतो, तो बाजूला सारून मग खरी माय आठवावी लागते. तुमच्या आईने वडिलांसोबत अख्खा संसार केलाय, त्यांची मान कशी वळायची हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे चूक सगळ्यात आधी तिलाच दिसणार, आणि तीही चारचौघांत, जिथून तिला उठूनही जाता येणार नाही.

बोलतं करण्याबद्दल. 'डीप नॉस्टॅल्जिया' काढणाऱ्या मायहेरिटेज कंपनीने सुरुवातीला आवाज मुद्दाम ठेवला नव्हता, गैरवापर होऊ नये म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनीच फोटोला बोलतं करणारी सोय आणली. आता तर व्हॉट्सॲपवरचा एखादा व्हॉइस मेसेज पुरतो, तेवढ्यावरून आवाज तयार होतो.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ दुकानात आले. वडील वारलेले, दोन भावांत शेताच्या वाटणीवरून बोलणं बंद. त्यांना वडिलांचा फोटो बोलता करून हवा होता. वाक्य त्यांनीच कागदावर लिहून आणलं होतं: विहिरीकडचा तुकडा थोरल्याला द्या आणि भांडू नका. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बाबांच्या मनात हेच होतं हो." असेलही, मी त्यांना खोटं ठरवत नाही. पण मनात होतं हे मुलाने सांगितलं तर दुसरा मुलगा त्याच्याशी वाद घालू शकतो. तेच बापाच्या तोंडून, बापाच्या आवाजात आलं तर वाद कुणाशी घालायचा? आणि बापाला तरी, मी असं म्हटलं नव्हतं, हे सांगायला कुठून येता येणार? तुमच्या मनातलं वाक्य 'रडू नकोस, मी आहे' असं प्रेमाचंच असेल. तरी ते तुमचं वाक्य आहे. ते तुम्हीच आईजवळ बसून म्हणा.

आता तुमच्या फोटोचं. आधी हलता फोटो बनवायलाच नको अशी सोय आहे का ते बघा. वडील गेल्याच वर्षी गेलेत, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या नात्यातल्या कुठल्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये ते नक्की सापडतील, पंगतीत वाढताना, नाहीतर वरातीत. चार सेकंदांचे का असेनात, ते खरे वडील असतील. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे; तशी कॅसेट घरच्या प्लेअरमध्ये घालू नका, साफ करून कॉपी करून देणाऱ्याकडे द्या.

कॅसेट मिळाली नाही आणि आईने हो म्हटलं, तर चेहरा स्वच्छ करण्याची पायरी गाळा, पुसट राहिला तर राहू द्या. तोंड मिटलेलंच ठेवा, फक्त पापणी लवणं आणि मानेची अगदी थोडी हालचाल. मान जास्त वळवली की फोटोत नसलेला गाल आणि कान ॲप मनाने बनवतं आणि फेटा किंवा मुंडावळ्या रबरासारख्या ताणल्या जातात; कुठे बिघडलंय ते तिथे पटकन कळतं. व्हिडिओ आणि मूळ फोटो शेजारी ठेवून एकेक फ्रेम थांबवून बघा: वण, मस, भुवईतली खाच, दात. भावालाही दाखवा. तो नको म्हणतोय, म्हणजे त्याला कदाचित तुमच्याहून जास्त काहीतरी आठवतंय. व्हिडिओवरच मोठ्या अक्षरांत 'फोटोवरून बनवलेला' असं लिहा, म्हणजे दहा वर्षांनी घरातल्या पोरांचा गैरसमज होणार नाही. आणि तो पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होणारा ठेवू नका. एकदा चालून थांबू द्या, पुन्हा लावायचा की नाही ते आई ठरवेल.

फोटो फ्रेममध्ये असेल आणि ओलीने काचेला चिकटला असेल तर ओढू नका. चेहऱ्याचाच थर काचेवर राहतो, मग कुणालाच काही करता येत नाही. काचेवरचं गंध-कुंकू ओल्या कापडाने पुसा, सावलीत ठेवा, मोबाईलच्या मागे काळी चादर धरा म्हणजे काचेत प्रतिबिंब पडणार नाही, आणि काचेसकटच फोटो काढा.