शाळेत शॉर्टफिल्म शूट करायला मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहायचं?

"आम्ही 9वीचे 7 विद्यार्थी आहोत, शाळेत 6 मिनिटांची फिल्म काढायची आहे, परवानगी द्यावी" एवढं लिहून थांबू नका भाऊ, सर लगेच विचारतात की तास बुडणार का, अन् जबाबदार कोण. म्हणून गोष्ट दोन ओळीत सांगा अन् टाइमटेबल पत्रातच टाका.

आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा, म्हणून आम्ही लिहिलं होतं: शनिवारी 11:30 ते 2 वर्गातला सीन, रविवारी सकाळी 7 ते 9 व्हरांडा अन् हापशी. बाहेरचे सीन सकाळीच ठेवले, कारण दुपारी डोक्यावर ऊन असलं की चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, त्यात शाळा चालू असताना घंटा, खिचडीच्या भांड्यांचा खणखणाट, आवाज वायाच जातो. पाऊस आला तं पुढचा रविवार, हेही लिहा, नाही तं पुन्हा अर्ज.

रविवारी गेट कोण उघडणार हे शिपाईकाकांना आधी विचारा (आम्ही विसरलो, तासभर बाहेरच बसलो!). सोबत थांबणाऱ्या मॅडम किंवा सरांचं नाव त्यांना विचारूनच टाका, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या पोरापोरींच्या पालकांच्या सह्या जोडा, अन् बाहेरगावच्या पोरींची एसटी पाहूनच वेळ ठरवा.