एक बटण, दोन रविवार

"दादा, फायनल इयरला चिप डिझाइन आणि एम्बेडेड यांपैकी एकच इलेक्टिव्ह घेता येते. दोन्ही आवडतात. पुढच्या आठवड्यात फॉर्म भरायचा आहे. कसे ठरवू?"

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले दर वर्षी हेच विचारतात. त्यांना 'तुला काय आवडते?' असा उलट प्रश्न करणे मी केव्हाच सोडले, कारण उत्तरात पगार आणि घरच्यांची मतेच ऐकू येतात. खरा कल वागण्यातून दिसतो, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या वर्षी खानापूरची एक विद्यार्थिनी माझ्याकडे चार-पाच वेळा येऊन गेली. एम्बेडेड घेतले तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात काम मिळून मुलगी घराजवळ राहील, असे तिच्या वडिलांना वाटत होते. मी तिला दोन रविवारांसाठी एकच काम दिले: पुश बटण किती वेळा दाबले ते मोजायचे, आधी मायक्रोकंट्रोलरवर, मग चिपमधले सर्किट लिहिण्याच्या व्हेरिलॉग या भाषेत.

मायक्रोकंट्रोलरवर एकदा दाबलेले बटण तीन-चार वेळा मोजले गेले, कारण आतले धातूचे संपर्क स्थिरावण्यापूर्वी काही मिलिसेकंद उडत राहतात. तिने 50 मिलिसेकंदांचा विलंब टाकला आणि मोजणी जुळली.

"नेमके किती वेळ उडतात, ते पाहिलेस का?"

"नाही दादा, चालले ना."

बटण क्लॉकच्या तालावर दाबले जात नाही, म्हणून व्हेरिलॉगमध्ये ते दोन फ्लिप-फ्लॉपमधून आत घ्यायचे असते. पहिला 0 आणि 1 यांच्यामध्ये डळमळला तरी त्याला सावरायला एक क्लॉक मिळतो. तिने लिहिले होते:

```verilog
always @(posedge clk) begin
  q1 = button;
  q2 = q1;
end
```

मोजणी बरोबर येत होती. तरीही रात्री साडेअकराला तिचा फोन आला: "दादा, q1 आणि q2 एकाच वेळी वर जातात. मग दुसरा फ्लॉप गेला कुठे?"

`=` मुळे q1 ची नवी किंमत त्याच क्षणी q2 मध्ये जात होती. `<=` लिहिताच q2 एक क्लॉक मागे आला. साधे सिम्युलेशन डळमळणे दाखवत नाही. ही चूक तयार चिपमध्ये कधीतरीच उमटली असती, आणि तिथे फर्मवेअरसारखी नवी प्रत चढवून भागत नाही. उत्तर बरोबर असूनही ती वेव्हफॉर्मपाशी थांबली, यातच मला तिचा विषय चिप डिझाइन आहे हे दिसले, आणि तो फोन मला आजही समाधान देतो.

तूही हेच करून पाहा. आयकॅरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह मोफत मिळतात, साधा बोर्ड काही शे रुपयांत येतो. तू जर लॉजिक अॅनालायझर मागून आणून संपर्क किती वेळ उडतात हे मोजत बसलास, तर एम्बेडेड घे.

चिप डिझाइन घेणाऱ्या अनेकांची पहिली नोकरी मात्र व्हेरिफिकेशनची असते, म्हणजे दुसऱ्याच्या डिझाइनमधल्या चुका महिनोन्महिने शोधण्याची. वडिलांसमोर मी हे तिला स्पष्ट सांगितले, आणि त्यासाठी बहुधा बेंगळुरू गाठावे लागेल हेही. तिने त्याच संध्याकाळी फॉर्म भरला.