चोरीला गेलेल्या कारचा क्लेम ‘उशिरा कळवलं’ म्हणून नाकारला, आता काय?

प्रश्न: माझी कार रात्री सोसायटीच्या बाहेरून चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलिसांत एफआयआर केला, पण विमा कंपनीला ३८ दिवसांनी कळवलं. आता कंपनी म्हणते, पॉलिसीची अट मोडली, क्लेम मिळणार नाही. फक्त उशीर झाला म्हणून असं नाकारता येतं का?

उत्तर: फक्त तेवढ्याच कारणावर, तुमच्यासारख्या प्रकरणात, नाही.

पॉलिसीच्या अटींमधली पहिली अट काढून वाचा. तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अपघात किंवा नुकसान झालं तर कंपनीला ‘तत्काळ’ लेखी कळवायचं, ही एक. चोरी किंवा गुन्हा असेल तर पोलिसांना तत्काळ कळवायचं आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून कंपनीला सहकार्य करायचं, ही दुसरी. कंपनी पहिली गोष्ट पुढे करून दुसरी झाकते.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात हाच वाद निकाली काढला. चोरीला गेला होता ट्रॅक्टर. पोलिसांत तक्रार लगेच झालेली, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलेलं. जिल्हा ग्राहक मंचाने क्लेम मान्य केला, राज्य आयोगाने तो टिकवला, राष्ट्रीय आयोगाने फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने गाडीमालकाच्या बाजूने निकाल दिला. कारण साधं आहे. गाडी शोधायचं काम पोलिसांचं आहे, विमा कंपनीचं नाही. एफआयआर वेळेत झाला, तपास झाला आणि गाडी सापडत नाही असा अंतिम अहवाल आला, तर चोरी खरी होती हे ठरतं. मग कंपनीला उशिरा कळवल्याने तिचं काय बिघडलं? त्याआधी २०१० च्या एका निकालात कंपनीची बाजू उचलून धरली गेली होती. काही कंपन्या अजून तोच निकाल पत्रात टाकतात. २०२० च्या निकालाने ही ओढाताण मिटवली, आणि २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं गेलं. तिथे ट्रक होता आणि कंपनीला कळवायला काही महिने लागले होते.

यातला कळीचा कागद एफआयआर नाही, पोलिसांचा अंतिम अहवाल आहे. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा, पण शोध लागला नाही. पोलिसांनी पाठवून दिल्यावर न्यायालय तो मंजूर करतं. मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा. नुसत्या पोलीस ठाण्याच्या पत्रावर थांबू नका. त्या प्रमाणित प्रतीविना निकालाचा अर्धा आधार जातो.

दोन जागी मात्र तुमची बाजू कच्ची पडू शकते. एफआयआरलाच उशीर झाला असता तर वरचा निकाल सरळ लागू झाला नसता. दुसरं, हा निकाल चोरीचा आहे. अपघातात गाडी परस्पर दुरुस्त करून घेतली आणि मग कळवलं, तर सर्व्हेअरला पाहायला काहीच उरत नाही. तिथे उशिराने कंपनीचं खरंच नुकसान होतं, आणि नकार टिकूही शकतो. जुने भाग, फोटो आणि बिलं ठेवली असतील तर वेगळी गोष्ट.

आता पत्र. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा आणि तीन गोष्टी मागा: नकाराचं लेखी कारण, तपासनीसाचा अहवाल, आणि उशिरामुळे नेमकं काय नुकसान झालं त्याचं उत्तर. सोबत विमा नियामकाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक नमूद करा. वेळेत कळवला असता तरीही नाकारला गेला असता अशी खात्री पटल्याशिवाय उशिराचं कारण देऊन क्लेम फेटाळू नये, असं त्यात आहे. उशीर का झाला हे मात्र खरं आणि थोडक्यात लिहा. ‘पोलीस शोधत होते, गाडी मिळेल असं वाटलं’ हे पुरेसं आहे; आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडाल तर चांगली केस हातची जाईल. दोन्ही चाव्या, आरसी आणि पॉलिसी दिल्याची पोच ठेवा, कारण एक चावी कमी असेल तर कंपनी निष्काळजीपणाचं नवं कारण काढते.

महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. किंवा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. रक्कम मोठी नसेल आणि कागद पूर्ण असतील तर मी लोकपालच निवडेन.

मध्येच ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अट मोडल्यामुळे कापून दिला जाणारा क्लेम, म्हणून ७५ टक्के घ्या असा प्रस्ताव आला, तर लगेच डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे ‘पूर्ण पैसे मिळाले’ असं मान्य करणाऱ्या कागदावर, सही करू नका. तुमची एकच चूक म्हणजे उशिरा कळवणं, आणि त्यासाठी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत, तिचा एक चतुर्थांश भाग सोडायचं कारण नाही.